उलट्या हंगामाची बेगमी

आमच्या कारखान्यात उचल घेतली असं कुणी म्हणत नाही, ब्रश घेतला म्हणतात. उन्हाळ्यात घरातले पैसे संपले की कारागीर शेठकडे जातो. शेठ पैसे देतो आणि वर एक कोरा ब्रश हातावर ठेवतो. ब्रश घेतला की येणारा हंगाम त्याच कारखान्यात, आणि तोही गेल्या वर्षीच्या रेटनं. दुसरा कुणी दीडपट देतो म्हणाला तरी जायचं नाही. कागद नाही, सही नाही. पण घेतलेला ब्रश मोडला तर जोह्यापासून पेणपर्यंत एकही कारखाना दारात उभं करत नाही.

मी गणपतीचे डोळे आखते. माहेर जोह्याचं. धाकटी बहीण गावातच दिली, तीही डोळेच आखते. मी लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला आले, तरी आषाढ लागला की रोज सकाळी रोह्याहून पेण आणि पेणहून जोहे. मूर्तीच्या उंचीवर मजुरी ठरते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत मान वर करायला फुरसत नसते, मग नवरात्राच्या देवी येतात, पुढं माघी गणपतीचं थोडं काम, आणि नंतर हातावर हात. माझ्या ह्यांचं रोह्याच्या बाजारात छोटं दुकान आहे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतात, थोडं नवीन सामानही विकतात. त्याचंही तसंच. उन्हाळ्यात गिऱ्हाईक दारात, पावसाळ्यात माश्या मारायच्या. म्हणजे घरात दोन कमावणारे, पण महिन्याच्या एक तारखेला खात्यात हमखास काही पडेल असं एकाचंही नाही.

माझी आई पावसाच्या आधी बेगमी भरायची. तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, लाकडं. आमची बेगमी उलटी. आम्ही ती पावसाळा संपताना भरतो, उन्हाळ्यासाठी, आणि ती पैशांची असते. गणपतीचा हिशेब हातात आला की सगळ्यात आधी आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला. थोडा बचत खात्यात, बाकीचा लिक्विड फंडात, कारण तिथून काढले की पुढच्याच कामाच्या दिवशी पैसे मिळतात आणि त्यात बाजाराची फारशी उलथापालथ होत नाही. तेवढं भरून काही उरलं तरच ते लांबच्या पैशात, म्हणजे शेअरबाजाराच्या फंडात. त्यातही दर महिन्याची एसआयपी अगदी लहान. भर वैशाखातसुद्धा जाईल एवढीच. हंगाम चांगला झाला तर वरून एकरकमी टाकायचं, वाईट झाला तर काही नाही टाकायचं, आणि फारच ओढ लागली तर एसआयपी काही महिने थांबवायची.

ही अक्कल माझी नव्हे. रोह्यात एक बाई फंडांचं काम करतात, आधी त्या पोस्टाच्या एजंट होत्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मी मारे मोठा आकडा सांगितला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला पगार नाही, मग पगारदाराची एसआयपी कशाला हवी?" मला राग आला होता. रागावण्यात मी तयारच आहे. पण घरी येईस्तोवर पटलं.

आणि पटलं म्हटल्यावर मी गप्प बसते होय? कारखान्यात, एसटीत, हळदीकुंकवात, जी भेटेल तिला मी बेगमी सांगायला लागले. सगळ्यात जास्त बहिणीला. ती हसायची.

"ताई, तुझी बेगमी म्हंजे नुसता झोपलेला पैसा. मला नाय परवडत पैसा झोपवायला."

"आणि अडचण आली म्हंजे?"

"शेठ हाय ना! उचल कधी पण मिळते."

इथंच आमची सगळी माणसं फसतात. शेठलाच बेगमी धरतात. बहिणीनं हिशेबाचे सगळे पैसे एका जोरात चढणाऱ्या फंडात घातले आणि वर भाद्रपदाचा खिसा बघून दर महिन्याची एसआयपी लावली. वर्षभर तिचे आकडे असे चढले की काय सांगू. मला फोन करून ऐकवायची. "वर चाललंय गो ताई, वर!" मी वरवर बरं झालं म्हणायचे आणि आतून जळायचे. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी माघात बाजार पडायला लागला आणि पडतच गेला. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या दुकानासमोरचा रस्ता गटारासाठी खोदला. होळीपर्यंत होईल म्हणाले. होळी झाली, पाडवा झाला, खड्डा तसाच. दुकानाच्या पायरीवर यायला लोकांना फळीवरून यावं लागायचं, मग कोण म्हातारं माणूस मिक्सर घेऊन फळीवरून येतंय? ह्यांनी मात्र रस्ता आज होईल उद्या होईल म्हणून उन्हाळ्याचे पंखे आधीच भरून ठेवले होते. पैसे कुठून आणले? बेगमीतून. मला विचारून आणले, मी हो म्हटलं, त्यामुळं भांडायची पण सोय राहिली नाही. दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा एका डब्यात ठेवू नका असं बाईंनी सतरांदा सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली होती.

फाल्गुनातच मी माझी एसआयपी थांबवली. तारखेच्या पुरेसं आधी सांगितलं, त्यामुळं बँकेचा दंडबिंड नाही. पण बेगमी काही थांबेना. वैशाख निम्मा झाला तेव्हा लिक्विड फंड रिकामा होता आणि खात्यात जेमतेम पंधरवड्याचं. माझं पहिलं काम आषाढात, तेही पहिल्या आठवड्याची मजुरी हातात पडेल तेव्हा.

लांबचे पैसे होते. शंभराचे ऐंशी झालेले, पण होते. ते काढायचं माझ्या मनातही येऊ देत नव्हते मी. इतकी वर्षं तोंड वर करून सगळ्यांना शहाणपण शिकवलं, आणि आता पडत्या भावात काढू? त्यापेक्षा शेठचा ब्रश बरा, असं माझ्या मनानं घेतलं. ब्रशचं कुणाला कळणार होतं? ह्यांना पण सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी हे दुकानात गेल्यावर मी शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, "ये ना बाय, तुझंच घर. पण यंदा सगळ्यांना तीन हंगामांचा ब्रश. पोरी पळायला लागल्यात." तीन हंगाम म्हणजे तीन वर्षं तोच रेट. तरी मी बरं म्हटलं.

फोन ठेवते न ठेवते तोच बहिणीचा आला.

"ताई, आज दुपारनंतर शेठ येतोय. मी ब्रश घेते."

"का गो?"

"का काय का! आमचे हे घरी बसलेत. कंपनीनं फाल्गुनात कंत्राटी लोकांना ब्रेक दिला तो दिलाच, परत बोलावलं नाय. घरात काय नाय."

"आणि फंड?"

 ती एकदम बांध फुटल्यासारखी बोलली. एसआयपी दोनदा परत गेली होती, खात्यात पैसेच नव्हते. दोन्ही वेळा बँकेनं दंड कापला. तिसऱ्यांदा गेली की एसआयपी आपोआप बंद होणार. मला सांगायची तिला लाज वाटत होती.

"येते मी. मी येईपर्यंत शेठशी बोलू नको," म्हटलं आणि पदर खोचून निघाले. पेणपर्यंत एसटीत मला बसायला जागा होती, पण बसवेना. एकीकडं बहिणीला थोपवायला निघाले होते आणि दुसरीकडं तिच्याच अंगणात, त्याच माणसाकडून, तेच घ्यायला निघाले होते. बाजूच्या बाईचं कोंबडीचं टोपलं माझ्या पायाला लागलं तर मी तिच्यावर अशी खेकसले की ती बिचारी उठून पुढं गेली. माझी चूक होती.

बहिणीचं घर भातखाचरांच्या कडेला. मागच्या पडवीत तिनं फळ्या मारून मांडणी केलेली, आणि मांडणीवर शाडूचे गणपती वाळत होते. लहान, हातभरसुद्धा नाहीत, पण स्वतःचे. पुण्याकडच्या काही घरांनी तिच्याकडून थेट घ्यायचं ठरवलं होतं, थोडा बयाणाही दिला होता, तो माती आणण्यातच गेला. पुढचे पैसे आषाढात मिळणार होते. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या मूर्तीचे डोळे न आखता आपल्या मूर्तीचे आखणार होती. तीन हंगामांचा ब्रश घेतला की हे सगळं बंद. शेठच्या कारखान्यात बांधलेली बाई घरी स्वतःचं काम करत नाही, हाही त्याच शब्दातला भाग असतो.

"हे कोण रंगवणार?" मी मांडणीकडं बोट दाखवलं.

"बयाणा परत देईन. सांगीन माती चांगली नाय निघाली."

"बयाणा परत द्यायला पैसे कुठनं आणशील?"

"उचलीतनं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मला रडणारं माणूस बघवत नाही, मी अजून चिडते. "रडू नको!" म्हणून ओरडले. तिचा नवरा आतून डोकावला आणि मला बघून परत आत गेला. कामावर नसलेला पुरुष घरात कसा चोरासारखा वावरतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग ती डोळे पुसून म्हणाली, "ताई, तुझी बेगमी हाय ना. त्यातनं दे मला आषाढापर्यंत. मी परत करीन. तू म्हणायचीस ते खरं होतं, मी नाय ऐकलं. आता दे."

काय सांगू तिला? संपली गो बेगमी, पंखे झाले तिचे, एवढंच तर सांगायचं होतं. पण मी काय केलं? मोठ्या बहिणीचा आवाज काढला. "बेगमी उसनी देत नाय कुणी. तुझे स्वतःचे हायत ना फंडात? ते काढ."

"एवढं खाली असताना काढू? निम्म्यात निम्मं जाईल माझं!"

"निम्मं नाय. फोन आण इकडं."

फोनला आत रेंज नव्हती, म्हणून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. ऊन असं की कठडा पोळत होता. तिच्या फंडातले आकडे बघितले. एकरकमी घातलेले पैसे दीड वर्षापूर्वीचे, त्यावर शंभरामागं वीस गेलेले. एसआयपीचे पुढचे. काढताना आधी घेतलेले युनिट आधी जातात, त्यांना वर्ष उलटून गेलेलं, म्हणजे लवकर काढल्याचा दंडही लागणार नव्हता. मी म्हटलं, "सगळे काढायचे नायत. आषाढापर्यंत घर चालेल एवढेच काढ. बाकीच्यांना हात लावू नको, ते जेव्हा वर यायचे तेव्हा येतील."

"पण तोटा..."

"तोटा कशावर गो? काढशील तेवढ्यावरच. आणि एकदाच. शेठचा ब्रश तीन वर्षं कापील, एकेका मूर्तीमागं. गेल्या वर्षीचा रेट आणि बाहेर मिळतो तो रेट, यातला फरक तूच सांग मला. आणि हे सगळे," मी पडवीकडं बघितलं, "हे कुठल्या आकड्यात धरशील?"

ती ओठ हलवत हिशेब करत बसली. मी पण माझा करायला लागले. कारण बोलता बोलता माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. पेणच्या दोन कारखान्यांनी मला गेल्याच हंगामात विचारलं होतं, येता का, रेट बोलू. मी तीन वर्षं त्यांना नाही म्हणायला निघाले होते, का, तर पडत्या भावात काढलं असं कुणी म्हणू नये म्हणून. कुणी म्हणजे कोण? ही समोर बसलेली, जिची एसआयपी दोनदा परत गेलीय ती?

तेव्हा सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, "अडीच वाजलेत. तीनच्या आत दाबलंस तर आजचा भाव धरतील, नायतर पुढच्या दिवसाचा. आज शुक्रवार, शनिवार-रविवार धरत नायत, म्हंजे पैसे मंगळवारी खात्यात."

"मंगळवारपर्यंत काय करू?"

"तांदूळ हाय ना घरात?"

"तांदूळ हाय. गॅस नाय."

"लाकडं हायत. आई काय गॅसवर करत होती?"

तेवढ्यात शेठची गाडी खाचराच्या कडेनं आली.

शेठला वाईट माणूस म्हणवत नाही मला. आमचा बाप त्याच्याच कारखान्यात साचे भरायचा, आणि बाप गेला तेव्हा सगळा खर्च शेठनं केला होता. म्हणून तर त्याच्यासमोर तोंड उघडायला जड जातं. तो उतरला, घाम पुसला, विहिरीपाशी आला आणि दोघींकडं बघून हसला.

"बरं झालं, दोघी एकाच जागी. बाय, तुझी कारखान्यापर्यंतची खेप वाचली."

आणि त्यानं शर्टाच्या खिशातून दोन ब्रश काढले. कोरे, केसांवर प्लास्टिकची टोपी असलेले. एक बहिणीपुढं धरला आणि एक माझ्यापुढं.

मला विहिरीनं आत घेतलं असतं तर बरं झालं असतं. बहिणीनं आधी ब्रशकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला एक क्षण कळलंच नाही.

"ताईला कशाला?"

"तिनंच सकाळी फोन केला ना," शेठ सहज म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

बहीण उठून उभी राहिली. "तू फोन केलास? तू? आणि मघापासून मला शाळा शिकवतेयस? बेगमी उसनी देत नाय म्हणे! हाय तरी का तुझी बेगमी?"

"नाय," मी म्हटलं. "संपली. दुकानाचे पंखे भरले त्यात. पंधरा दिवसांचं हाय घरात."

"आणि फंड तुझा? लांबचे पैसे?"

"हायत."

"मग ते का नाय काढलेस?"

 मी खरं ते सांगून टाकलं. "तुला कळलं असतं म्हणून."

ती हसली. चांगलं हसली असती तर बरं वाटलं असतं, पण ते हसू असं होतं की मला दोन कानफटात बसल्यासारखं झालं. शेठ अवघडून दोन्ही ब्रश हातात धरून उभा होता. म्हणाला, "बायांनो, भांडण नंतर. पैसे आणलेत मी. तुमच्या बापाच्या वेळी मी कधी मागंपुढं बघितलं का? तीन हंगाम म्हंजे काय जनम नव्हे. आणि शाडू-बिडूचा नाद सोड पोरी, एका पावसात माती फुटली की कुठं जाशील?"

माती फुटते, हे खरंच होतं. बहिणीचा चेहरा उतरला. तिनं पडवीकडं बघितलं, मग शेठच्या हाताकडं, आणि तिचा हात अर्धा पुढं गेला. मी तो बघत होते. तिला अडवायचा मला काय अधिकार राहिला होता? अडवायला तोंड उघडलं असतं तर तिनं माझंच तोंड मिटवलं असतं, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून मी माझा फोन काढला, कठड्यावर उभी राहिले, रेंज आली, आणि माझा फंड उघडला. हात घामानं ओला, बोट धड लागेना. काढायची रक्कम घालायची जागा आली. आषाढापर्यंतचा घरखर्च किती, तो मला पाठ होता. तेवढाच घातला. ओटीपी आला.

"शेठ," मी म्हटलं, "मी नाय घेत. सकाळी बोलले ते चुकलं माझं. तुमचे उपकार हायत, ते फिटायचे नायत. पण तीन हंगाम नाय."

"बघ हां बाय. आषाढात दारात आलीस तर जागा नसेल."

"नसू दे," म्हटलं. म्हटलं खरं, पण आषाढात खरोखर काम मिळालं नसतं तर? पेणच्या लोकांनी नुसतं तोंडदेखलं विचारलं असेल तर? लाल अक्षरात माझा तोटा फोनवर दिसत होता. इतक्या वर्षांत मी त्यातला एक रुपया काढला नव्हता.

बहीण कठड्यावर चढून माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. फोनमध्ये डोकावली. "एवढा तोटा तुझा पण?"

"एवढाच. काढते तेवढ्यावर."

तिनं स्वतःचा फोन वर काढला.  तिनं आकडा घातला, खोडला, परत घातला, पहिल्यापेक्षा कमी.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "तू आधी दाब. मग मी."

मी दाबलं. मग तिनं दाबलं. शेठनं दोन्ही ब्रश परत खिशात घातले आणि तो गाडीकडं गेला. त्याची गाडी वळेपर्यंत आम्ही दोघी तशाच उन्हात उभ्या होतो.

त्यानंतर तिनं एसआयपी थांबवायचं बटण शोधलं. ते फाल्गुनापासून तिथंच होतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस सकाळी?" त्यावर मी भांडले, उगाच. मग पंख्यांतले निम्मे पंखे खरेदीच्या भावाखाली नागोठण्याच्या एका व्यापाऱ्याला काढून टाकले. त्यातही तोटा बसलाच. पण आलेले पैसे ह्यांनी आपल्या हातानं वेगळ्या खात्यात भरले, दुकानाच्या.

पैसे मंगळवारी आले. बाजार पुढं चढला, आणि चढायचाच होता. आम्ही काढलेले युनिट गेले ते गेलेच, आजही भाव बघितला की मला चुटपुट लागते. ती लागणारच. आषाढात पेणच्या एका कारखान्यानं घेतलं मला, दुसऱ्यानं नाही घेतलं. ते ठरेपर्यंत तीन आठवडे रात्रीची झोप नव्हती. बहिणीच्या मूर्तींतल्या काही पावसात फुटल्याही, शेठ म्हणाला होता तसंच. पण बयाणा घेतलेल्या सगळ्या पोचल्या.

श्रावण संपत आला तेव्हा शेठ तिच्या पडवीत आला. मी तिथंच बसून तिच्या मूर्तींचे डोळे आखत होते, पेणचं काम सुटल्यावर आले होते. शेठच्या कारखान्यात डोळ्यांवाचून मूर्ती रांगेनं उभ्या होत्या आणि ब्रश घेतलेल्या पोरी पुऱ्या पडत नव्हत्या. खिशाला हात न लावता तो म्हणाला, "चला गो बायांनो. रेट तुम्ही सांगा."

बहिणीनं मान वर केली नाही. डोळ्याची बुबुळं आखताना मान वर करत नाहीत, श्वाससुद्धा रोखून धरतात. ती तेवढं पुरं करून मग म्हणाली, "शेठ, आधी माझे गणपती. मग ताई सांगेल तो रेट, आणि रोजच्या रोज रोख. उचल नको."

भाद्रपदात तिचा हिशेब झाला त्या दिवशी तिचा फोन आला. मला वाटलं, आता विचारील कुठला फंड, किती टाकू. तिनं विचारलं, "ताई, तू भरलीस का?"

"अर्धी झालीय. आणि यंदा आठाच्या जागी दहा महिन्यांची भरणार हाय."

"खरं सांगतेस ना?"

"खरं," मी म्हटलं. तिनं परत विचारलं. मी बँकेच्या खात्याचा फोटो काढून तिला पाठवला, मग तिनं तिचा पाठवला. आता दर महिन्याला आम्ही तेवढा फोटो एकमेकींना पाठवतो.